पैसे गेले कुठं, बाप्पा?

डवरणीचे १,८०० रुपये ट्रॅक्टरवाल्याच्या नंबरवर टाकले. बँकेचा मेसेज लगेच आला, पैसे कटले. माझं ॲप म्हणते ‘प्रोसेसिंग’. त्याचं ॲप म्हणते ‘पेंडिंग’. तासाभरानं माझ्याकडं ‘समोरच्या बँकेकडून उत्तर नाही’, त्याच्याकडं अजून तेच पिवळं घड्याळ! अरे, व्यवहार एक, मग बयाण दोन काहून?

“भाऊ, माह्या मोबाइलात तं काहीच नाही आलं.” बरोबर आहे ना त्याचं! तो काय माझा स्क्रीनशॉट डिझेलच्या टाकीत ओतणार?

बँकेत गेलो तर सिस्टिम डाऊन. खिडकीवर एकच उत्तर, “लिंक नाही, उद्या या.” आणि गंमत पाहा, पैसे कुठं अडकले हे दोन्ही ॲप्सना ठाऊकच नाही! माझ्या बँकेनं पैसे कापले, त्याच्या बँकेनं जमा केल्याचं कळवलं नाही, मधेच लटकलं सगळं. ज्या ॲपनं जेव्हा विचारलं, तेव्हाचं उत्तर त्यानं चिकटवलं. मग ‘आम्हाले माहीत नाही’ असं सरळ लिहायला काय पोटात दुखते?

व्यवहाराची खरी ओळख त्या १२ आकडी यूटीआर नंबरची. तो कुठं? तपशिलाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. नियम म्हणतो, पैसे जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत, त्यानंतर रोजचे १०० रुपये भरपाई. वा! अन् तोवर ट्रॅक्टरवाल्यानं पुन्हा पैसे मागितले तर? पुन्हा दिले अन् पहिलेही पोहोचले, तर वापस मागायला कोण जाईल, ॲप?