बाबांना सुपरहिरो म्हणणं आता पुरे

जूनचा तिसरा रविवार जवळ आला की आमच्या जाहिरातीच्या धंद्यात ‘फादर्स डे’चे ब्रीफ, म्हणजे क्लायंटच्या लेखी मागण्या, येऊ लागतात. पुरुषांच्या दाढी-मिशीची उत्पादनं विकणारे ब्रँड यात सगळ्यात पुढे. ब्रीफ कुठल्याही क्लायंटचा असो, मजकूर ठरलेला. बाबा म्हणजे सुपरहिरो, बाबा म्हणजे बाहेरून कडक आतून मऊ, बाबांनी स्वतःसाठी कधी काही घेतलं नाही. आणि मग ट्रिमर विकायला ओळ, ‘झिजलेल्या त्या हातांना द्या राजेशाही स्पर्श.’

माझी एक साधी चाचणी आहे. ओळीतलं उत्पादन काढा आणि तिथे घड्याळ, विमा पॉलिसी किंवा चपला ठेवा. ओळ तरीही चालत असेल तर ती ट्रिमरसाठी लिहिलेलीच नाही. वरच्या ओळीत चपला सोडून सगळं बसतं, आणि ‘हातांना’च्या जागी ‘पायांना’ केलं की चपलाही बसतात.

हल्ली यावर उतारा म्हणून ‘नवा बाप’ आणतात. मुलीच्या वेण्या घालणारा, स्वयंपाक करणारा, डोळ्यांत पाणी येणारा. मला तोही तितकाच कंटाळवाणा वाटतो, कारण त्यातही त्या माणसाकडे कोणी बघितलेलं नसतं. एका पुतळ्याच्या जागी दुसरा बसवला, एवढंच.

एका छोट्या ब्रँडचं ट्रिमरचं काम आलं तेव्हा मी टीमला सांगितलं, भावना राहू द्या बाजूला, साठीतला माणूस आरशासमोर उभा राहून नेमकं काय करतो ते विचारून या. उत्तरं मजेशीर आली. पहिली गोष्ट, तो चष्मा काढतो. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी झालेलं असतं आणि दाढी तर चष्मा काढूनच करावी लागते. त्यामुळे जबड्याच्या खाली, गळ्याच्या घाटीजवळ खुंट राहतात आणि दुपारी कोणीतरी दाखवून देतं. दुसरी, वयानुसार गळ्याची कातडी सैल होते, ती एका हाताने ताणून धरली नाही तर पातं अडकतं. तिसरी, ट्रिमरच्या चक्रीवरचे आकडे इतके बारीक असतात की तेही चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत.

इथून कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, आपोआप सुचत गेली. शीर्षक झालं: ‘चष्मा काढल्यावरही दाढी नीट व्हावी म्हणून.’ खाली चक्रीचा हिशोब सोप्या भाषेत दिला. दाढी दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढते. म्हणजे 1 वर ठेवलं तर तीन दिवसांची दाढी दिसेल, 3 वर ठेवलं तर आठवडा उलटून गेल्यासारखी. हे कळलं की आकडा निवडता येतो. ‘कापणारच नाही’ असं मात्र लिहिलं नाही. असा दावा केला तर पुरावा द्यावा लागतो, आणि कातडी कशी ताणायची हे दोन ओळींत सांगणं जास्त उपयोगाचं आहे.

बाप म्हणजे साठीचा, हेही आपण गृहीत धरतो. भेट विकत घेणाऱ्यांत तान्ह्या बाळाच्या नावाने नवऱ्यासाठी घेणाऱ्या बायकाही असतात. त्यांच्यासाठी दुसरं कार्ड लिहिलं: ‘दोन दिवसांचे खुंट मला टोचतात. – तुझी, वय पाच महिने.’ यात ना त्याग, ना हिरोगिरी. बाळाच्या गालाला खुंट टोचतात ही साधी खरी गोष्ट आहे.

आणखी एक. वापरणारा वेगळा आणि विकत घेणारा वेगळा असेल तर कॉपी घेणाऱ्याशी बोलते. ओल्ड स्पाइसने 2010 मध्ये पुरुषांचा बॉडीवॉश विकताना जाहिरातीची सुरुवातच ‘नमस्कार, बायांनो’ अशा थाटात केली होती, ती यासाठीच. आमचा घेणारा म्हणजे बंगळुरूत नोकरी करणारी मुलगी. बाबांचं आपल्यावर किती प्रेम आहे हे तिला आमच्याकडून ऐकायचं नसतं. तिचा प्रश्न एकच, ते हे वापरतील की कपाटात ठेवून देतील?

आणि थट्टा टाळायची. ‘बाबांना कळत नाही, तुम्ही शिकवा’ हा विनोद दरवर्षी येतो. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या आस्कीने जून 2022 मध्ये स्त्री-पुरुषांबद्दलच्या घातक साच्यांविषयी नियम काढले. पुरुष ‘पुरुषासारखा’ वागत नाही म्हणून त्याची खिल्ली उडवणंही त्यात बसत नाही. पण नियम नसता तरी सांगते, ज्याच्यासाठी पैसे खर्च करायचे त्यालाच बावळट ठरवून माल खपत नाही.

क्लायंटशी शेवटचा वाद एका रुक्ष ओळीवरून झाला: ‘खोक्यात ॲडॅप्टर नाही. टाइप-सी वायर आहे, मोबाइलचा चार्जर चालतो.’ त्यांना ती काढायची होती, मूड जातो म्हणे. मी अडून बसले. ती ओळ नसेल तर रविवारी सकाळी बंगळुरूला फोन जाणार, ‘अगं, हे चार्ज कशाने करायचं?’ ओळ राहिली. बॅनरवरचा ‘सुपरहिरो’ मात्र त्यांनी काही सोडला नाही.