"ताई, हे बरोबर आहे का?"

गेली सव्वीस वर्षं मी प्रूफं तपासते. आधी एका छापखान्यात, आता घरी बसून. व्हॉट्सॲपवर दिवसाला चार-पाच वेळा तरी हे वाक्य येतं. वर एक फोटो, खाली "ताई, हे बरोबर आहे का?" बस्स. त्यातलं 'हे' म्हणजे काय आणि 'बरोबर' म्हणजे कशाच्या हिशोबानं बरोबर, ते कुणीच सांगत नाही. मीही विचारत नसे. विचारलं की आपल्यालाच काही येत नाही असं वाटेल, हा माझा मूर्ख अभिमान. तो गेल्या वर्षी एका लग्नपत्रिकेनं उतरवला.

पत्रिका आमच्या ओळखीच्या डीटीपीवाल्यानं पाठवली होती. वेळ रात्री साडेदहाची. "ताई, हे बरोबर आहे का? सकाळी प्लेट सोडायचीय." मी चष्मा लावला. 'आर्शिवाद' दिसलं, 'आशीर्वाद' करायला सांगितलं. रफार शिवर नाही, वावर. पत्रिकेतली ही सगळ्यात जुनी चूक. वधूच्या नावाआधी 'चि. सौ. का.' होतं, तिथं कावर अनुस्वार द्यायला लावला. तो शब्द सौभाग्यकांक्षिणी, 'कांक्षा'तला अनुस्वार उच्चारला जातो, म्हणून राहतो. जुने अनुस्वार गेले एवढंच ऐकलेली माणसं हा बिचाराही पुसून टाकतात. मग वधूचं नाव दिसलं, 'आश्विनी'. मी म्हटलं, अश्विनी कर. नक्षत्राचं नाव अश्विनी, आश्विन हा महिना. स्वतःवर खूश होऊन "आता बरोबर" असं लिहिलं आणि झोपले.

सहाशे पत्रिका छापून झाल्या. शंभरेक वाटून झाल्यावर मुलीच्या मामांचा फोन आला. लग्न रविवारी होतं, ९ फेब्रुवारी २०२५ ला. पत्रिकेत छापलं होतं, 'माघ शु. १२, रविवार, दि. ८ फेब्रुवारी'. डीटीपीवाल्यानं आदल्या दिवशीच्या दुसऱ्या एका पत्रिकेची फाइल उघडली होती. त्यातली तिथी बदलली, वार बदलला, नावं बदलली आणि तारीख तशीच राहिली. छापखान्यातल्या निम्म्या चुका अशाच होतात. जुन्या मजकुरावर नवा मजकूर बसवताना एक कोपरा जुनाच राहून जातो. आणि तो कोपरा दिसायला अगदी शुद्ध असतो, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नसते.

लाजिरवाणं हे की ती ओळ स्वतःच ओरडून सांगत होती. आठ तारखेला शनिवार होता आणि एकादशीही. बारस आणि रविवार दोन्ही नऊ तारखेचे. तीन साक्षीदारांपैकी दोघं एक सांगत होते आणि तिसरा वेगळंच. भिंतीवर दिनदर्शिका लटकलेली होती, माझ्यापासून चार फुटांवर. पण मी ती ओळ 'फेब्रुवारी'तला ब्रु ऱ्हस्व आहे ना, एवढंच बघत वाचली. माझ्यासाठी 'हे' म्हणजे शुद्धलेखन होतं. त्याच्यासाठी 'हे' म्हणजे अख्खी पत्रिका.

आणि आश्विनीचं? मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत 'आश्विनी'च होतं. म्हणजे जिथं चूक होती तिथं मी बरोबर म्हटलं आणि जिथं चूक नव्हती तिथं करून ठेवली. विशेषनामाला शब्दकोश लागू होत नाही, ज्याचं नाव तो सांगेल ते. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण समोर फक्त फोटो होता, आणि फोटोत नाव चुकलंय की तसंच आहे हे कळायला काही मार्ग नसतो.

छापखान्यात असताना हा प्रश्न कधी कुणी मला विचारला नाही, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं. विचारायची गरजच नसे. प्रूफ यायचं ते कॉपीसकट. कॉपी म्हणजे मूळ मजकूर, लेखकाच्या हातचा नाहीतर टाइप केलेला. दोन कागद शेजारी ठेवायचे, डावीकडे कॉपी, उजवीकडे प्रूफ. मजकूर महत्त्वाचा असला तर एकजण कॉपी मोठ्यानं वाचणार, अगदी "स्वल्पविराम, नवा परिच्छेद" असं म्हणत, आणि दुसरा प्रूफावर बोट ठेवून बघणार. तिथं 'बरोबर' या शब्दाला एकच अर्थ होता, कॉपीबरहुकूम. कॉपीतच काही खटकलं तर आपल्या मनानं दुरुस्त करायचं नाही. समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाकडे पाठवायचं. आमचे मुख्य मुद्रितशोधक कॉपीशिवाय आलेलं प्रूफ हातातही घेत नसत. "हे कशाशी ताडू, माझ्या कपाळाशी?" असं म्हणून परत पाठवायचे. तेव्हा वाटायचं, म्हातारा आळशी आहे.

आता कॉपी गेली आणि फोटो राहिला. मग जो तो आपल्या मनातल्या कॉपीशी ताडतो.

शुद्धलेखनापुरतं म्हणाल तरी 'बरोबर' काही एकच नाही. आज आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार. १९६२ साली चौदा नियम आले, १९७२ साली त्यात चारांची भर पडली, एकूण अठरा. त्याआधी शिकलेला माणूस 'नांव', 'कांहीं', 'घरें', 'त्यानें केलें' असं लिहायचा आणि ते त्या काळच्या शाळेत पूर्ण गुण मिळवणारं लेखन होतं.

दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी त्यांच्या आजोबांच्या १९४० च्या सुमाराच्या आठवणी टाइप करून पाठवल्या. खाली तेच, "हे बरोबर आहे का बघाल?" मी पहिल्याच पानावर लाल रंगाचा सडा घातला. मग एका शब्दाशी अडले. 'गांवांत'. वाक्य होतं, 'त्या सालीं गांवांत पटकीची साथ होती.' 'गांव'मधला अनुस्वार उच्चारात नाही, तो काढायचा, एवढं सोपं. पण दुसरा? आज 'गावात' म्हणजे एका गावात आणि 'गावांत' म्हणजे अनेक गावांमध्ये. जुन्या पद्धतीत सप्तमीला एकवचनातही अनुस्वार असायचा. म्हणजे आजोबांनी एका गावाबद्दल लिहिलंय की पंचक्रोशीबद्दल, हे त्या शब्दावरून कळणारच नव्हतं. ठेवला तर आजचा वाचक अनेक गावं वाचणार, काढला तर एकच. पुढची तीन पानं वाचली तेव्हा कळलं की साथ एकाच गावात होती, शेजारच्या गावाहून वैद्य आला होता. मग काढला. मजकुरात असे पंचवीस-तीस शब्द होते. 'घरांत', 'शेतांत', 'डोळ्यांत'. डोळे दोन, म्हणून तो तसाच ठेवला. एकेकासाठी गोष्ट वाचावी लागली.

तेव्हा कुठे मी बाईंना फोन केला आणि विचारलं, हे छापायचंय कशासाठी? त्या म्हणाल्या, नातवंडांसाठी, आणि आजोबांची भाषा जशीच्या तशी राहावी अशी इच्छा आहे. झालं! म्हणजे माझं सगळं लाल चूक. त्यांना हवं होतं ते टाइप करणाऱ्यानं वहीबरहुकूम केलंय का, एवढंच. मी म्हटलं, वही पाठवा. वही आली, तेव्हा टाइप करताना गाळलेल्या दोन अख्ख्या ओळी सापडल्या. त्या कुठल्याही नियमानं सापडल्या नसत्या. वाक्य आधीच्याला नीट जुळत होतं.

नियम हातात असले तरी काही ठिकाणी ते पुरत नाहीत. 'पोलीस' घ्या. मराठीत अकारान्त शब्दात शेवटच्या अक्षराआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, या हिशोबानं 'पोलीस', आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व, 'पोलिसांनी'. गरीब-गरिबाला, कोल्हापूर-कोल्हापुरात, तसंच. पण मग 'ऑफिस'ला हाच नियम लावून 'ऑफीस' लिहिलं तर निम्मे वाचक दचकतात. वर्तमानपत्रांतही पोलिस आणि पोलीस दोन्ही दिसतात. अशा वेळी मी विचारते, तुमच्याकडे आधी काय छापलंय? जे आधी छापलंय ते पुढेही. एका पुस्तकात दोन्ही असणं ही खरी चूक.

बोलीचं तर विचारूच नका. नागपूरची एक मुलगी, माझ्या मैत्रिणीची सून, तिनं एकदा घाबरत विचारलं होतं, "मावशी, 'मी स्वयंपाक करून राहिले' हे बरोबर आहे का?" पुण्यात कुणीतरी हसलं होतं तिला. मी म्हटलं, आईशी बोलताना बरोबर, बँकेच्या अर्जात नाही. तिथं 'करत आहे' लिही. ती म्हणाली, "बँकेत स्वयंपाकाचं कशाला लिहीन मी?" तेही खरंच. (ही पोस्ट 'असं', 'केलं' अशी लिहिलीय, ती कार्यालयीन पत्रात चालायची नाही, तिथं 'असे', 'केले'. कमेंटमध्ये कुणीतरी सांगायच्या आत मीच सांगून टाकते.)

माझा राग विचारणाऱ्यांवर नाहीच खरं तर. त्यांना वाटतं मराठी मजकूर म्हणजे गणितासारखा, खाली उत्तर जुळलं की झालं. राग आहे "हो, बरोबर" असं पटकन लिहिणाऱ्यांवर, आणि त्यात मी पहिली. त्या दोन शब्दांना समोरचा छापायची परवानगी समजतो. पूर्वी शेवटच्या प्रूफावर 'छापण्यास हरकत नाही' लिहून खाली सही करावी लागायची. सही करताना हात जरा थांबायचा. अंगठा थांबत नाही.

आता मी उत्तराआधी एवढंच लिहिते, "कशाशी ताडायचं?" काहींना राग येतो. एका सरांनी सरळ लिहिलं, तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा. मी त्यांना म्हटलं, शुद्धलेखन बघायचं असेल तर अर्धा तास, मूळ प्रतीशी ताडायचं असेल तर प्रत पाठवा, आणि आकडे-तारखा-नावं बघायची असतील तर ती खरी कोणती हे कागदावर लिहून द्या. त्यांनी प्रत पाठवली. वार्षिक अहवाल होता, त्यात खजिनदारांचं आडनावच वेगळं पडलेलं होतं.

त्या पत्रिकांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पुन्हा छापायला वेळ नव्हता. डीटीपीवाल्यानं '९' चे छोटे सोनेरी स्टिकर काढून दिले, त्याच्याच खर्चानं. मी न सांगता मुलीच्या घरी गेले. ओसरीवर आठ-दहा बायका बसून आठावर नऊ चिकटवत होत्या. मीही मांडी घातली. बाजूला बसलेल्या मुलीनं एक पत्रिका माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "काकू, माझ्या नावावर पण एक काना चिकटवता येईल का हो?"