प्रतिक्रियेला उत्तर : 28 जानेवारी हाच पहिला दिवस

टप्प्याटप्प्यानं डोस कमी करायच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा, प्रत्येक डोस तीन दिवस, असा 28 जानेवारीपासूनचा तारखांचा तक्ता मी लेखात दिला होता. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया :

«28 ला गोळ्या सुरू केल्या तर तीन दिवस 31 ला होतात, मग डोस 1 फेब्रुवारीला कमी व्हायला हवा. तुम्ही 31 लाच कमी केलात! काउंटरमागे बसून लोकांच्या औषधांशी खेळू नका. संध्याकाळी सुरू केलं तर काय? आणि तक्ता हवाच कशाला, डॉक्टर सांगतातच.»

साहेब, चूक दाखवा, हरकत नाही. पण ‘खेळू नका’? दादरला औषधांच्या काउंटरवर अठरा वर्षं झाली. खेळायला सवड मिळालेली नाही.

संध्याकाळचं तेवढं मान्य. पहिला डोस रात्री कॅज्युअल्टीत मिळाला, तर तो दिवस धरायचा की नाही, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. ते मी लिहायला हवं होतं.

आता तुमचं पहिलं वाक्य. घरी पाच दिवसांचा गणपती बसतो तेव्हा चतुर्थी मोजता ना? 2025 साली 27 ऑगस्टला बसलेला 31 ला गेला, 1 सप्टेंबरला नाही. गोळीचंही तेच. ज्या सकाळी पहिली गोळी पोटात गेली तो पहिला दिवस. तारखेत दोन मिळवले की त्या डोसचा शेवटचा दिवस, तीन मिळवले की कमी डोसचा पहिला. तुम्ही तीन मिळवून शेवटचा दिवस काढलात, म्हणून 28, 29, 30, 31 असे चार झाले.

लेखातली चिठ्ठी प्रेडनिसोलोनची होती : 40, 30, 20, 10, 5 मिलिग्रॅम, प्रत्येकी तीन दिवस, रोज सकाळी खाल्ल्यावर एकदाच. म्हणजे 28 ते 30 जानेवारी 40. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी 30. 3 ते 5 ला 20. 6 ते 8 ला 10. 9 ते 11 ला 5. बारा तारखेला गोळी नाही. पंधरा दिवस.

‘एका दिवसानं काय होतं’ म्हणाल, तर गोळ्या मोजा. दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या लागतात 12, 9, 6 आणि 3, म्हणजे तीस, बरोबर तीन स्ट्रिप. शिवाय पाचच्या तीन. तुमच्या मोजणीनं 40 चे चार दिवस 16 खातात, 30 चे चार दिवस 12. उरतात दोन. त्या 5 फेब्रुवारीला संपतात आणि 6 तारखेला, अजून 20 वर असताना, पेशंट रिकामी स्ट्रिप घेऊन काउंटरवर. दहाचा टप्पा झालाच नाही, पाचच्या तिन्ही गोळ्या मात्र पाकिटात शिल्लक. अशी शिल्लक दिसली की मी आधी तारखा विचारतो. अशा वेळी मनानं एकदम पाचवर येऊ नये किंवा नवी स्ट्रिपही सुरू करू नये. डॉक्टरांना फोन करावा.

डॉक्टर सांगतात, खरंय. ते ‘तीन-तीन दिवस’ सांगतात, तारखा तुम्ही घरी मोजता. कशा मोजता, ते वर दिसलंच.