‘नस चढली’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका

“गोटीत अचानक कळ आली तर नस चढलेली असते. लंगोट घट्ट बांधा, गोळी घ्या, सकाळी उतरते.”

हे चुकीचं आहे. अंडकोषाला रक्त नेणारी दोरी पिळली गेली तरी अशीच कळ येते. बहुतेकदा १२ ते १८ वयात, कित्येकदा झोपेतून उठवणारी. सोबत उलटी होते, एक बाजू वर ओढल्यासारखी दिसते. लाजेपोटी मुलं नुसतं “पोट दुखतंय” म्हणतात, तिथेच वेळ जातो.

समजा, कळ रात्री २ वाजता आली. पहिल्या सहा तासांत, म्हणजे ८ पर्यंत, पीळ सोडवला तर अंडकोष बहुधा वाचतो. १० वाजता ओपीडी उघडेपर्यंत ती शक्यता झपाट्याने घटते. म्हणून रात्रीच, काही न खाता-पिता, ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. कळ आपोआप थांबली तरी दाखवा. पीळ पुन्हा पडू शकतो.

“महिन्यापूर्वी अंडकोष स्वतः चाचपून तपासला होता, गाठ नव्हती” याचा इथे उपयोग नाही. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर बोटांनी चाचपायचं ते कडक गाठीसाठी, आणि कॅन्सरची गाठ बहुधा दुखतच नाही. अंडकोषाच्या मागच्या बाजूला हाताला लागणारी मऊ वळकटी मात्र नैसर्गिक असते.