दुप्पट वेगाचा भरवसा आणि वीस हर्ट्झची खोटी लाट

«डीएसओवर 1 GSa/s लिहिलेलं असलं की एलियसिंगची भीती नको. नायक्विस्टचा नियमच आहे, दुप्पट वेग पुरे. पडद्यावर लाट स्वच्छ दिसली म्हणजे ती खरी. आणि चुकून भूत शिरलंच, तर रेकॉर्डिंगवर नंतर सॉफ्टवेअरनं फिल्टर मारायचा.»

आमच्या रिपेअरिंगवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा फिरला. डीएसओ म्हणजे डिजिटल स्कोप, वेग म्हणजे तो सेकंदाला किती नमुने घेतो ते, आणि एलियसिंग म्हणजे नमुने विरळ पडल्यामुळं वेगवान लाटेच्या जागी एक खोटी संथ लाट दिसणं; मेसेजमधलं भूत ते हेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला करडईचा घाणा आठवला.

लातूरजवळच्या एका गावातल्या लाकडी घाण्याचा ड्राइव्ह होता. सिंगल फेज घेऊन थ्री फेज मोटर चालवणारा, दोन एचपीचा. मोटर मधूनच धडधडायची. डीसी बसवर डिफरन्शियल प्रोब लावला. (स्कोपची अर्थ क्लिप तिथं कधी लावू नका. बसवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, आणि सप्लाय काढल्यावरही कपॅसिटर काही वेळ भरलेले राहतात.) १०० हर्ट्झचा रिपल दिसणारच होता, पण तो २० हर्ट्झच्या एका संथ लाटेवर हेलकावत होता. मी म्हटलं, कपॅसिटर गेले. बदलले. लाट जागच्या जागी.

आता पहिला मुद्दा. डब्यावरचा आकडा हा जास्तीत जास्त वेग. प्रत्यक्षातला वेग मेमरी आणि टाइमबेस ठरवतात. माझ्या जुन्या स्कोपमध्ये एका ट्रेसला २,५०० बिंदू बसतात. ५० मिलिसेकंद प्रति डिव्हिजन, दहा डिव्हिजन, म्हणजे अर्धा सेकंद. अडीच हजार बिंदू अर्ध्या सेकंदात पसरले की वेग उरतो सेकंदाला ५,००० नमुने. ड्राइव्हचं स्विचिंग होतं १०,०२० हर्ट्झवर. त्यातून ५,००० च्या जवळच्या पटीची, म्हणजे १०,००० ची वजाबाकी करा. उरले २०. माझी लाट तीच.

स्वच्छ दिसण्याचं म्हणाल, तर आठवडी बाजार घ्या. तो दर सोमवारी भरतो. तुम्ही दर आठव्या दिवशी गावात गेलात (बोलण्यातले «आठ दिवस» नव्हेत, मोजून आठ) तर बाजार तुम्हाला छप्पन्न दिवसांतून एकदाच सापडेल, आणि तोही अगदी नियमित. बाजाराची लबाडी नाही, तुमच्या खेपाच विरळ. एलियस असाच नीटनेटका असतो.

ओळखायचं कसं? टाइमबेस बदला. मी २० मिलिसेकंदांवर आलो. खरी २० हर्ट्झची लाट असती तर २०० मिलिसेकंदांत तिचे चार हेलकावे दिसले असते. पण वेग १२,५०० झाला, संथ लाट गायब झाली आणि रिपलची रेघच जाडजूड झाली. मग २० मायक्रोसेकंदांवर गेलो, तर स्विचिंगचे दोन फेरे उघडे पडले. मेनूतला `Peak Detect` लावला असता तर पहिल्याच सेटिंगवर लाटेऐवजी जाड पट्टा दिसला असता. ही एक कळ मी दाबली असती तर कपॅसिटरचे पैसे वाचले असते.

दुप्पटचा नियम चुकीचा नाही, अर्धवट सांगितलेला आहे. दुपटीहून जास्त वेग लागतो, तोही सिग्नलमधल्या सर्वांत वरच्या घटकाच्या. बरोबर दुप्पट ठेवला तर सगळे नमुने शून्यावरच पडू शकतात. आणि तो वरचा घटक कुठवर आहे, हे कडा तीक्ष्ण असल्या की भलतंच निघतं. म्हणून स्कोपवर मी मोजायच्या वरच्या घटकाच्या निदान पाचपट वेग ठेवतो.

सॉफ्टवेअर फिल्टरचा मुद्दा मात्र सरळ चूक. ५,००० च्या वेगानं घेतलेले १०,०२० हर्ट्झचे नमुने आणि २० हर्ट्झचे नमुने आकड्यांत तंतोतंत सारखे असू शकतात. फाइलमध्ये फरकच नाही, तर फिल्टर काढणार काय? आणि २० हर्ट्झ काढून टाकलेच, तर खरे २० हर्ट्झही त्याच्याबरोबर जातील.

पुढं लॉगरवर अर्धा तास रेकॉर्डिंग करायचं होतं. २५,००० ठेवावा वाटलं, स्विचिंगच्या दुपटीच्या वरच. पण स्विचिंगचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे त्याच्या पाचपटीचा घटक, ५०,१०० हर्ट्झवर येतो. २५,००० ची दुप्पट ५०,०००. फरक १००, म्हणजे तो नेमका मला मोजायच्या रिपलवर येऊन बसणार! म्हणून लॉगरच्या तोंडाशी, एडीसीच्या आधी, १.६ किलोओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी लावला. त्याचा कट-ऑफ सुमारे १ किलोहर्ट्झ. १०० हर्ट्झ जवळपास जसाच्या तसा जातो, ५०,१०० पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. १०,०२० चा दहावा हिस्सा उरतो, पण तो आता आपल्या जागीच दिसतो, त्यामुळे तेवढा नंतर सॉफ्टवेअरनं काढता येतो.

रेकॉर्डिंगमध्ये १०० हर्ट्झचा रिपल निघाला, २० हर्ट्झचं नावही नाही. धडधड मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या एका ढिल्या लगमुळं होती.