अण्णांचा भरलेला डबा

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. सकाळी ऑफिसात शिरताना शर्टावर हिरवी रिबीन लावून मिळाली. लिफ्टजवळ "मन मोकळं करा" असा मोठा फलक होता आणि त्याच्याखाली उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला. पण त्या फलकाबद्दल मला एक तक्रार आहे. ज्याचं मन आधीच जड झालंय, त्यालाच वर हे कामही सांगितलंय. त्याच्या शेजारच्या टेबलवर बसणाऱ्याने काय करायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

शेजारच्या टेबलवर बसणारा मी होतो. आधी चुकलो होतो, म्हणून लिहितोय.

त्यांना इथे अण्णा म्हणतो. वय चोपन्न, फोर्टातल्या आमच्या ऑफिसात अकाउंट्सला. राहायला डोंबिवलीला, म्हणजे माझ्याच गावचे, माझ्याच गाडीचे. सव्वाआठच्या फास्टमध्ये आमचा बारा-तेरा जणांचा ग्रुप आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही डबा सजवतो, पूजा करतो, चिवडा-पेढे वाटतो. वर्गणीची वही कायम अण्णांकडे. कोणी वीस रुपये कमी दिले तर तीन वर्षांनीसुद्धा आठवण करून देणारा माणूस.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि अण्णा गाडीत दिसेनासे झाले. विचारलं तर म्हणाले, "मी आता सहाची पकडतो, गर्दी नसते." साडेसातला ऑफिसात हजर. आमचा शिपाई कौतुकाने सांगायचा, "अण्णासाहेब माझ्याही आधी येऊन बसतात." साहेबांनी तर मीटिंगमध्ये उदाहरण दिलं. वहीदेखील त्यांनी माझ्या हातात दिली, "यंदा तुम्हीच बघा." मला वाटलं, म्हातारे झाले, दुसरं काय.

डबा मात्र माझ्या डोळ्यांसमोर होता. आम्ही दोघं एकत्र जेवतो. वहिनींच्या हातची सुकी बटाट्याची भाजी म्हणजे आमच्या टेबलवर अर्धी लुटलीच जायची. आता अण्णा डबा उघडायचे, पोळीचा एक तुकडा मोडायचे, तो भाजीला लावून ठेवायचे आणि झाकण लावायचे. संध्याकाळी पिशवी तशीच जड. मग एकदा बँक रिकन्सिलिएशनला बसलो, तर साध्या बत्तीस नोंदी जुळवायला त्यांना तीन तास लागले. एकच ओळ पट्टी ठेवून पुन्हा पुन्हा वाचत होते.

तेव्हा मी विचारलं आणि तिथेच माती खाल्ली. जेवणाच्या वेळी, सहाजण बसलेले असताना, मोठ्याने म्हणालो, "काय अण्णा, हल्ली गप्प गप्प? वहिनींनी बोलणं टाकलं का?" सगळे हसले. अण्णाही हसले. म्हणाले, "वय झालं रे." झालं. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच्या कामाच्या टेबलवरच जेवायला लागले, पाठ आमच्याकडे करून.

माझी मावसबहीण समुपदेशक आहे. त्या रविवारी तिच्याकडे गेलो होतो, बोलता बोलता विषय निघाला. तिने पहिला प्रश्न विचारला, "पहाटे किती वाजता उठतात ते?" मला काय ठाऊक. ती म्हणाली, "सहाची गाडी गर्दीसाठी नसेल रे. तीन-चारला डोळा उघडत असेल, परत लागत नसेल, आणि घरात छताकडे बघत पडण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं वाटत असेल. नैराश्यात झोप अशी पहाटे तुटते." ज्याला आम्ही सिन्सिअरपणा म्हणत होतो ते हे होतं.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला फार उपयोगी पडली. माणूस गप्प आहे की बडबड्या, हे बघायचंच नाही; तो स्वतः आधी होता त्यापेक्षा वेगळा झालाय का, ते बघायचं. आमच्याकडे डिस्पॅचला एक मुलगी आहे, चार वर्षांत तिने मला चाळीस वाक्यंही ऐकवली नसतील. ती मजेत आहे. कानात इयरफोन, डब्यात अंडा भुर्जी, साडेपाचला पसार. अशा माणसाच्या मागे "बरी आहेस ना" करत लागणं हा छळ आहे. अण्णांचं तसं नव्हतं. झोप, जेवण, आवडीची वही, कामातलं लक्ष, चारही गोष्टी एकदम सुटल्या होत्या, आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस.

मग विचारायचं कसं? ताई म्हणाली, समोरासमोर बसवू नकोस, चालता चालता विचार. नजर चुकवायला जागा राहते. "काय झालं" म्हणू नकोस, जे दिसलं तेवढंच सांग. आणि सांगून झाल्यावर गप्प बस. हे शेवटचं माझ्यासारख्याला सगळ्यात जड.

सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला मी ऑफिसातून त्यांच्याबरोबरच निघालो. फाउंटनपासून सीएसएमटीपर्यंत रमतगमत पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहिली पाच मिनिटं मी फुटपाथवरच्या पुस्तकांकडे बघत काढली. मग म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी सगळ्यांसमोर थट्टा केली, चुकलं माझं. तीन आठवडे बघतोय, तुमचा डबा भरलेला परत जातो. मला चैन पडत नाही."

"ॲसिडिटी आहे," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. एक सिग्नल ओलांडला, दुसरा ओलांडला. "गोळी घ्या", "दही खा", "सकाळी चालायला जा" हे सगळं ओठांवर आलं आणि गिळलं. जीपीओची इमारत दिसायला लागली तेव्हा ते आपणहून म्हणाले, "झोपच लागत नाही रे. साडेतीनला जाग येते. मग नुसतं छातीत भरल्यासारखं." थोड्या वेळाने, "घरी सगळं ठीक आहे, पोराला नोकरी लागली, कर्ज फिटलं. तरी कशात मन लागत नाही. कोणाला सांगणार? ऐकणारा म्हणेल, अण्णाला सुख टोचतंय."

आपल्याकडे कोणी येऊन "मला डिप्रेशन आलंय" असं सांगत नाही, निदान अण्णांच्या पिढीत तरी नाही. ॲसिडिटी सांगतात, डोकं जड झालंय म्हणतात, "नकोसं वाटतं" म्हणतात. आणि कारण शोधायला गेलं तर अनेकदा हाताला काहीच लागत नाही. कारण नाही, याचीच त्यांना लाज वाटत असते.

स्टेशनात न शिरता आम्ही बाहेर कटिंग घेतला. ताईने बजावलेला प्रश्न अजून राहिला होता. माझे हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. आपण विचारलं आणि त्यामुळेच त्यांच्या डोक्यात आलं तर? ही भीती सगळ्यांना असते. पण विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. उलट, एकट्याने वाहत असलेलं ओझं कोणीतरी नाव घेऊन विचारलं की माणसाला हलकंच वाटतं. म्हणून आडून आडून नको, सरळ.

"अण्णा, इतकं नकोसं होतं तेव्हा जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "सकाळी जाग येऊ नये, असं वाटतं कधी कधी."

"जाग येऊ नये एवढंच, की स्वतः काही करावं असंही?"

"नाही. तेवढं नाही. पोरांकडे बघून नाही."

हा दुसरा प्रश्न विचारायलाच हवा, कारण पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं. जाग येऊ नये हेही गंभीरच, त्याला काही दिवसांत डॉक्टर हवाच. पण उत्तर "हो, कसं करायचं तेही ठरवलंय" असं आलं असतं तर मी त्यांना गाडीत बसवून देऊन मोकळा झालो नसतो. अशा वेळी माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, घरच्यांना तिथूनच फोन करायचा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सोबत जायचं. "कोणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली तरी ती घ्यायची नाही. मी अण्णांना आधीच सांगितलं होतं, "ऑफिसात एका शब्दाने बोलणार नाही, पण तुमच्या जिवाला धोका वाटला तर वहिनींना सांगेन." ते मान हलवून गप्प राहिले. त्या रात्री वहिनींना त्यांनी स्वतःच सांगितलं.

पुढचं सगळं अगदी साधं, कंटाळवाणं. आधी फॅमिली डॉक्टर. त्यांनी रक्त तपासायला लावलं, कारण थायरॉइड कमी असलं तरी माणूस असाच मंदावतो. ते नॉर्मल निघालं. मग महापालिकेच्या रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे ती आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. रांगेत त्यांच्या शेजारी मी बसलो, पेपर वाचत. आत वहिनी गेल्या, मी नाही.

सगळ्यात कठीण होते ते गोळ्यांचे पहिले तीन आठवडे. या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात, आणि मळमळ मात्र पहिल्याच दिवसापासून. दहाव्या दिवशी अण्णा म्हणाले, "बंद करतो, काही उपयोग नाही." इथे बरेचजण परस्पर गोळी सोडतात. मी एवढंच म्हणालो, "सोडायची तर डॉक्टरांना विचारून सोडू, चला." डॉक्टरांनी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली, मळमळ कमी झाली. महिन्याभराने एकदा डब्यातली अर्धी पोळी संपली. मी काही बोललो नाही, पण संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं, लॉटरी लागल्यासारखं.

ताईसारखी बहीण सगळ्यांना नसते, म्हणून हा नंबर लिहून ठेवा: १४४१६. सरकारची टेली-मानस सेवा, २०२२ मध्ये याच तारखेला सुरू झाली. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आपल्या माणसाशी कसं बोलावं हे विचारायलाही तिथे फोन करता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

अण्णांना विचारून लिहिलंय हे सगळं. वाचून म्हणाले, "बटाट्याच्या भाजीचं कशाला लिहिलंस, ही आता ऐकवत बसेल." वही अजून माझ्याकडेच आहे, यंदाची वर्गणी मलाच गोळा करावी लागणार. गुरुवारी त्यांची फॉलोअपची तारीख आहे, अर्धा दिवस सुट्टी. बत्तीस नोंदी मी जुळवायच्या आहेत.