एकच मोठा ॲटलस केल्याने मेमरी वाचत नाही

“पीएनजी फाइल्स दाबून लहान करा, सगळे स्प्राइट एकाच मोठ्या ॲटलसमध्ये भरा आणि त्यावर सरसकट एएसटीसी ८×८ लावा. टूडी गेमची मेमरी एवढ्यानेच निम्म्याच्या खाली येते.”

हा सल्ला भाग करून तपासू. ॲटलस म्हणजे अनेक स्प्राइट, म्हणजे गेममधली सुटी चित्रे, एकत्र बसवलेले एक मोठे चित्र, आणि एएसटीसी ही टेक्सचर, म्हणजे जीपीयूसाठी मेमरीत ठेवलेले चित्र, दाबण्याची पद्धत. आधी फाइलच्या आकाराविषयी. जीपीयूला पीएनजी वाचता येत नाही. चित्र लोड होताना ते पूर्ण उलगडले जाते आणि कॉम्प्रेस न केलेल्या टेक्सचरमध्ये प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. म्हणून २०४८×२०४८ चे चित्र डिस्कवर ३ एमबीचे असो वा ३०० केबीचे, मेमरीत ते १६ एमबीच व्यापते. युनिटीसारख्या इंजिनात तर आयात केलेली पीएनजी बिल्डमध्ये जशीच्या तशी जातही नाही. इंजिन सेटिंगप्रमाणे तिचे नव्याने रूपांतर करते, त्यामुळे फाइल दाबण्यात घालवलेला वेळ तिथे डाउनलोडचा आकारही कमी करत नाही.

दुसरा मुद्दा अधिक नुकसान करणारा आहे. ॲटलसमुळे मुख्यतः ड्रॉ कॉल, म्हणजे जीपीयूला चित्र रेखाटण्यासाठी दिलेले हुकूम, कमी होतात, कारण एकाच टेक्सचरवरचे स्प्राइट एकत्र काढता येतात. मेमरी वाचते ती ॲटलस बांधताना रिकामी जागा छाटल्यामुळे. समजा, धावणाऱ्या पात्राची प्रत्येक फ्रेम ४००×४०० ची आहे आणि प्रत्यक्ष आकृती १८०×२६० मध्येच मावते. सुटी फ्रेम ६,४०,००० बाइट घेते, तर छाटलेली फ्रेम १,८७,२०० बाइट, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. छाटलेल्या कडांचे अंतर पॅकर नोंदवून ठेवतो, त्यामुळे पात्र पडद्यावर जागचे हलत नाही. ही बचत खरी आहे आणि ती चार लहान ॲटलसमध्येही तेवढीच मिळते.

एकाच ॲटलसचा हट्ट मात्र ती बचत घालवतो, कारण टेक्सचर लोड होते ते संपूर्ण. त्यातला एक स्प्राइट हवा असला तरी. मेनू, तिन्ही लेव्हल आणि शेवटचा खलनायक ४०९६×४०९६ च्या एका ॲटलसमध्ये असतील, तर नुसता मेनू दाखवतानाही कॉम्प्रेशनशिवाय ६४ एमबी अडकून पडतात. तेच साहित्य २०४८×२०४८ च्या चार ॲटलसमध्ये, म्हणजे मेनू आणि खलनायकासह तीन लेव्हल असे, एकत्र दिसणाऱ्या गोष्टी एकत्र ठेवून विभागले, तर मेनूला १६ एमबी पुरतात आणि लेव्हल बदलताना आधीचा ॲटलस सोडून देता येतो. वाटणी कलाकाराच्या फोल्डरप्रमाणे नव्हे, तर पडद्यावर काय एकत्र दिसते त्याप्रमाणे करावी. लेव्हल दोनमधला एखादा दगड लेव्हल एकमध्ये वापरला, की त्याच्यामागे लेव्हल दोनचा अख्खा ॲटलस मेमरीत येतो. असे झाले आहे का, हे मेमरी प्रोफायलरमध्ये लोड झालेल्या टेक्सचरची यादी पाहिली की लगेच कळते, आणि माझ्या मते ही यादी कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी पाहायला हवी.

राहिले एएसटीसी. या पद्धतीत चित्राचे ४×४ किंवा ८×८ पिक्सेलचे ठोकळे पाडतात आणि प्रत्येक ठोकळा १६ बाइटचा असतो, मग त्यात पिक्सेल कितीही असोत. म्हणून आपला ६४ एमबीचा ॲटलस ४×४ मध्ये १६ एमबी, ६×६ मध्ये सुमारे ७ एमबी आणि ८×८ मध्ये ४ एमबी होतो. धूसर आकाश किंवा धुराचे लोट ८×८ मध्ये चांगले दिसतात. पण अक्षरे, बटणांच्या कडा आणि पिक्सेल आर्ट त्यात फिसकटतात, कारण ६४ पिक्सेलचे रंग त्याच १६ बाइटमध्ये बसवावे लागतात. अशा चित्रांना ४×४ द्यावे. पिक्सेल आर्टचा ५१२×५१२ चा ॲटलस असेल, तर तो कॉम्प्रेस न करताही १ एमबीच घेतो. तो तसाच ठेवावा.

ठोकळ्यांमुळे आणखी एक दोष येतो. दोन स्प्राइट खेटून असले, तर एकाच ठोकळ्यात दोघांचे रंग येतात आणि एकाच्या कडेवर दुसऱ्याची छटा उमटते. त्यासाठी मध्ये काही पिक्सेल मोकळे सोडावेत आणि जमिनीच्या टाइल्सच्या कडेचे पिक्सेल बाहेरच्या बाजूला पुन्हा उमटवावेत. कॅमेरा हळू सरकत असताना टाइल्सच्या सांध्यांवर बारीक रेघा चमकल्या, तर त्या बहुधा शेजारचे पिक्सेल आत झिरपल्यामुळेच असतात.

शिवाय ज्या फोनच्या जीपीयूला एएसटीसी येत नाही, तिथे युनिटी ते टेक्सचर लोड करताना उलगडते आणि ६४ एमबी जसेच्या तसे परत येतात. अशा जुन्या अँड्रॉइड फोनसाठी, ओपनजीएल ईएस ३.० असेल तर, ईटीसी२ या दुसऱ्या कॉम्प्रेशनची वेगळी आवृत्ती द्यावी. पारदर्शकतेसह ती प्रतिपिक्सेल एक बाइट, म्हणजे एएसटीसी ४×४ इतकीच जागा घेते. ॲप बंडलमधून फोननुसार योग्य आवृत्ती पाठवता येते, आणि मोजणी मात्र आपल्याकडच्या नव्या फोनवर न करता त्या जुन्या फोनवरच करावी लागते.